सर्व्हिसला ऑइल नक्की किती लागतं?

2003 साली भारतात आलेल्या टोयोटा कोरोलाच्या 1.8 लिटर पेट्रोल इंजिनासाठी वर्कशॉप मॅन्युअलमध्ये इंजिन ऑइलचा एक नाही, तीन आकडे दिलेले असतात. ऑइल काढलं पण फिल्टर तसाच ठेवला, तर 3.5 लिटर. फिल्टरही बदलला, तर 3.7 लिटर. तिसरा आकडा ‘ड्राय फिल’ या नावाखाली येतो, तो 4.4 लिटर. इंजिन तेच, ऑइलही तेच, तरी पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात जवळपास एक लिटरचं अंतर आहे.

बिल हातात आलं की गोंधळ इथूनच सुरू होतो. कोणी इंटरनेटवर 4.4 हा आकडा वाचून येतो, बिलात 3.7 दिसतं आणि गॅरेजवाल्याने ऑइल कमी घातल्याचा संशय त्याला येतो. दुसरा स्वतः घरी ऑइल बदलतो, मोठा आकडा खरा धरून डबा ओततो आणि आठवड्याभरात सायलेन्सरमधून निळसर धूर का येतोय, याचा शोध घेत बसतो. तिन्ही आकडे बरोबर असतात. फक्त इंजिन किती रिकामं झालं होतं याची तीन वेगवेगळी उत्तरं ते देतात, आणि आपल्या हातून झालेलं काम त्यातलं कोणतं, एवढं ओळखलं की वाद उरत नाही.

ड्राय फिल म्हणजे कोरडं इंजिन भरायला लागणारं ऑइल. कारखान्यात नुकतं जुळवलेलं, किंवा गॅरेजात पूर्ण खोलून, प्रत्येक भाग धुऊन-पुसून पुन्हा बांधलेलं इंजिन कोरडं असतं. ऑइलचा पंप, ब्लॉकमधून वर हेडपर्यंत जाणाऱ्या बारीक वाटा, कॅमशाफ्टखालचे खळगे, टायमिंग चेनचं कव्हर, फिल्टर, यांपैकी कशातच थेंब नसतो. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं की पंप चेंबरमधलं ऑइल उचलतो आणि या सगळ्या जागा भरतो. तेवढं ऑइल पुन्हा सहजासहजी खाली येत नाही.

साध्या सर्व्हिसला आपण खालचा ड्रेन नट काढतो. चेंबरमधलं बहुतेक ऑइल बाहेर येतं, भिंतींवरचं हळूहळू ओघळतं, पण खळग्यांत साचलेलं, वाटांमध्ये अडकलेलं आणि नटाच्या तोंडापेक्षा खोल राहिलेलं ऑइल इंजिनातच राहतं. गोडेतेलाचा डबा रिकामा करून उपडा ठेवला तरी तासाभराने तळाशी पुन्हा थोडं तेल जमतंच, तसंच हे आहे. कोरोलाच्या आकड्यांत हे सरळ मोजता येतं. फिल्टरमध्ये 0.2 लिटर मावतं, कारण 3.7 मधून 3.5 गेले की तेवढंच उरतं. आणि फिल्टर बदलूनही आत राहणारं जुनं ऑइल 4.4 वजा 3.7, म्हणजे 0.7 लिटर.

हे 0.7 लिटर एकूण ऑइलच्या साधारण सहावा भाग होतं. म्हणजे आपण ‘नवं ऑइल टाकलं’ म्हणतो, तेव्हाही इंजिनात सहापैकी एक वाटा मागच्या वेळचाच असतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. ऑइल बदलण्याचं अंतर ठरतं ते अशाच साध्या ड्रेनवर, इंजिन धुऊन काढण्यावर नाही. ‘राहिलेलं सगळं काढायला हवं’ म्हणून दर सर्व्हिसला वेगळं फ्लशिंग ऑइल घालून घेणारे लोक मी पाहतो. रोजच्या वापरातल्या, वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला त्याची गरज मला दिसत नाही. उलट ते फ्लशिंग ऑइलही त्याच खळग्यांत राहतं आणि नव्या ऑइलमध्ये मिसळतं.

आता चुकीचा आकडा वापरला की काय होतं, ते दोन्ही बाजूंनी पाहू. साध्या सर्व्हिसनंतर 3.7 ऐवजी 4.4 लिटर ओतलं, तर 0.7 लिटर जास्त झालं. बहुतेक कारच्या डिपस्टिकवर खालच्या आणि वरच्या खुणेमधलं अंतर एक लिटरच्या आसपास असतं, म्हणजे पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर जाते. आता फिरणाऱ्या क्रँकशाफ्टचे वजनदार भाग ऑइलच्या फार जवळ येतात, किंवा त्यात बुडून ते घुसळू लागतात. घुसळलं की फेस होतो. फेसात हवा असते आणि पंपाने हवा ओढली की बेअरिंगला दाब पुरत नाही. जास्तीच्या ऑइलचे थेंब ब्रीदर पाइपमधून एअर इनटेकमध्ये जातात आणि सिलिंडरमध्ये जळतात. निळा धूर त्याचाच. सील जुने असतील तर तिथून ऑइल झिरपायलाही लागतं. चारशे-पाचशे रुपयांचं ऑइल ‘पुस्तकात लिहिलंय म्हणून’ जास्त घातलं, आणि त्यापायी कामगिरी बिघडवून घेतली, एवढाच त्याचा अर्थ.

उलटी चूक इंजिनाचं काम काढल्यावर होते. मेस्त्री इंजिन बांधतात, नेहमीच्या सवयीने 3.7 लिटर ओततात, पट्टी पाहतात, पातळी बरोबर वरच्या खुणेच्याही वर दिसते. इंजिन सुरू होतं, कोरड्या वाटा ऑइल पितात, आणि बंद करून पुन्हा पाहिलं की पातळी खाली गेलेली असते. गाडी तशीच घाटात गेली तर वळणावर ऑइल एका बाजूला सरकतं, पंपाचं तोंड उघडं पडतं आणि नव्या बेअरिंगचं आयुष्य पहिल्याच दिवशी कमी होतं. 4.4 हा आकडा छापला जातो तो या प्रसंगासाठी. ओनर्स मॅन्युअलमध्ये तो बहुधा नसतो, कारण गाडीच्या मालकाने इंजिन खोलावं अशी कंपनीची अपेक्षाच नसते. दुचाकींच्या पुस्तिकांत मात्र बऱ्याचदा तिन्ही ओळी दिसतात: ऑइल काढल्यावर, फिल्टर बदलल्यावर, इंजिन खोलल्यावर. त्यातली शेवटची ओळ आपली नव्हे, ती मेस्त्रींची.

मग ओतायचं किती? पुस्तकातला आकडा घेऊन निघायचं, पण शेवटचा शब्द डिपस्टिकचा. कारण 3.7 हासुद्धा सरासरीचाच आकडा आहे. इंजिन गरम असताना ऑइल पातळ असतं आणि जास्त बाहेर येतं, थंड असताना चिकटून राहतं. गाडी जॅकवर एका बाजूला उचललेली असेल तर एका कोपऱ्यात ऑइल अडकतं. दहा मिनिटं ओघळू दिलं आणि अर्धा तास ओघळू दिलं, यातही फरक पडतो.

ओळखीच्या एका गॅरेजमधले वयस्क मेस्त्री हे काम कसं करतात ते सांगतो, कारण मला त्यात सगळं शास्त्र दिसतं. गाडी जरा फिरवून आणतात, सपाट फरशीवर उभी करतात, वरचं झाकण उघडतात आणि मगच खालचा नट काढतात. खाली घमेलं नसतं. आतून लिटरच्या रेघा मारलेला कॅन असतो. धार बारीक होते, मग दोरा होतो, मग थेंब, मग थेंबांमधलं अंतर वाढत जातं. तेवढ्यात ते नटाचा वॉशर पाहतात, चपटा झाला असेल तर बदलतात, नव्या फिल्टरच्या रबरावर बोटाने ऑइल लावतात. मग कॅनमधली पातळी वाचतात. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारलं, “मेस्त्री, टाकून द्यायचं ऑइल मोजता कशाला?” ते म्हणाले, “साहेब, किती आलं ते कळलं तर गाडीने किती खाल्लं ते कळतं. तुमच्यातून तीनच लिटर निघालंय.” मागच्या सर्व्हिसला 3.7 घातलेल्या गाडीतून तीनच लिटर आलं, याचा अर्थ मधल्या काळात काही जळलं किंवा गळलं. त्या गाडीला नव्या ऑइलपेक्षा तपासणीची गरज जास्त होती, आणि ती केवळ मोजल्यामुळे कळली.

म्हणून ‘जेवढं निघालं तेवढंच ओता’ हा नियम डोळे झाकून वापरता येत नाही. निघालेलं माप निदानासाठी असतं. ओतायचं ते पुस्तकातल्या रिफिल आकड्यापेक्षा पाव-अर्धा लिटर कमी. मग इंजिन मिनिटभर चालवायचं म्हणजे नवा फिल्टर भरतो. बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, पट्टी पुसून पुन्हा घालून पाहायची, आणि वरच्या खुणेपर्यंत थोडं थोडं भरत जायचं. आधी कमी ठेवून वाढवणं सोपं असतं. जास्त झालेलं काढायला पुन्हा नट ढिला करावा लागतो.

इंजिनात हा फरक अर्धा-पाऊण लिटरचा असतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तो कित्येक लिटरचा होतो, आणि खरा घोळ तिथे होतो. याचं मला नीट माहीत असलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो पिकअप आणि टाहोसारख्या गाड्यांमध्ये जनरल मोटर्सचा 4एल60-ई नावाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वर्षानुवर्षं बसत होता. त्याचे दोन आकडे असे: खालचा पॅन काढून फिल्टर बदलला तर सुमारे 4.7 लिटर, पूर्ण खोलून बांधला तर सुमारे 10.6 लिटर. म्हणजे सर्व्हिसमध्ये निम्म्याहूनही कमी ऑइल बाहेर येतं.

बाकीचं जवळपास सहा लिटर असतं कुठे? सगळ्यात मोठा वाटा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसलेलं हे गोल, वेल्डिंगने बंद केलेलं भांडं असतं, आणि क्लचच्या जागी ते इंजिनाची ताकद ऑइलच्याच माध्यमातून पुढे देतं. पूर्वी काही गाड्यांत त्यालाही खाली ड्रेन नट असे, आता बहुतेकांना नसतो. पॅन उघडला तरी कन्व्हर्टर भरलेलाच राहतो. उरलेलं ऑइल क्लचच्या डब्यांत, वॉल्व्ह बॉडीच्या वाटांमध्ये, रेडिएटरजवळच्या कूलरमध्ये आणि तिथवर जाणाऱ्या नळ्यांत असतं.

आता कल्पना करा, कोणी पुस्तकात 10.6 वाचून अकरा लिटर ऑइल विकत आणलं, पॅन काढून बसवला आणि सगळंच ओतलं. सुमारे सहा लिटर जास्त. पॅनमध्ये एवढी जागा नसतेच. ऑइल फिरत्या गिअरपर्यंत चढतं, घुसळतं, फेसाळतं आणि हवेच्या नळीतून किंवा डिपस्टिकच्या नळीतून बाहेर उडतं. गरम एक्झॉस्टवर पडलं तर धूर, आणि वाईट झालं तर आग. ते व्हायच्या आधी, फेस झालेलं ऑइल दाब धरत नसल्यामुळे, गिअर उशिरा पडायला लागतात, क्लचच्या प्लेटी घसरतात, तापतात. अमेरिकेत फोर्डच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा आकडा बऱ्याचदा ड्राय फिलचाच छापलेला असतो, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात सूचना असते की हा आकडा अंदाजे आहे, कूलरच्या आकारानुसार बदलतो, आणि पातळी ठरवायची ती डिपस्टिकवरूनच. बारीक अक्षरातली ती ओळ वरच्या मोठ्या आकड्याहून जास्त कामाची आहे.

अमेरिकी पुस्तिका वाचताना आणखी एक ठेच लागते. तिथे लिटरच्या आधी क्वार्ट छापलेलं असतं. त्यांचा क्वार्ट 0.946 लिटरचा असतो, म्हणून 10.6 लिटर तिथे 11.2 क्वार्ट होतात. टोयोटाच्या पुस्तिकांत याच्याही पुढे ब्रिटिश क्वार्ट असतो, तो 1.136 लिटरचा. त्यामुळे कोरोलाच्या 4.4 लिटरशेजारी 4.7 आणि 3.9 असे आणखी दोन आकडे दिसतात. आपल्याकडे आयात गाडीसाठी किंवा तिकडच्या नातेवाइकाच्या गाडीसाठी माहिती शोधताना एकक न पाहता आकडा उचलला, की पंधरा टक्क्यांपर्यंतची चूक तिथेच होते.

आता पुढचा प्रश्न. 4.7 लिटर बदलून उरलेलं जुनं 5.9 लिटर आतच राहत असेल, तर अशा सर्व्हिसचा उपयोग किती? हिशेब करू. एका वेळी 10.6 पैकी 4.7 लिटर नवं झालं, म्हणजे 44 टक्के. गाडी काही दिवस चालवली की जुनं-नवं पूर्ण मिसळतं. पुन्हा 4.7 लिटर काढलं, तर यात नवं ऑइलही थोडं बाहेर जातं, म्हणून भर 44 टक्क्यांची पडत नाही. दुसऱ्या वेळेनंतर नव्याचं प्रमाण 69 टक्के होतं, तिसऱ्या वेळेनंतर 83, चौथ्यानंतर 90. चार वेळांत पावणेएकोणीस लिटर ऑइल खर्च झालेलं असतं, आणि तरी दहा टक्के जुनं उरलेलं असतं. म्हणून शंभर टक्के नवं करण्याच्या मागे लागणं फायद्याचं नाही. दोन वेळा बदललं तर दोन-तृतीयांशाहून जास्त नवं होतं, आणि माझ्या मते सांभाळून वापरलेल्या गिअरबॉक्सला एवढं पुरतं. तिसऱ्या वेळेपासून प्रत्येक लिटरमागे हातात कमी पडत जातं.

काही वर्कशॉप यंत्राने कूलरच्या नळीतून ऑइल बदलतात. एका नळीतून जुनं बाहेर, दुसरीतून नवं आत, आणि गिअरबॉक्स चालू असतो म्हणून कन्व्हर्टरमधलंही निघतं. त्यात सुरुवातीचं नवं ऑइल जुन्यात मिसळतंच, म्हणून ड्राय फिल क्षमतेपेक्षा जास्त ऑइल लागतं. अशा कामाच्या बिलात बारा-तेरा लिटर दिसले तर ते अवास्तव नाही. पण साध्या पॅन ड्रेनच्या बिलात दहा लिटर लावले असतील, तर शांतपणे विचारावं: “ड्रेन केलं की मशीनने बदललं? निघालेलं किती आलं?” प्रामाणिक वर्कशॉपकडे त्याचं उत्तर असतं.

ऑटोमॅटिकमध्ये पातळी पाहण्याची रीतही इंजिनापेक्षा निराळी, आणि ती चुकली तर बरोबर मोजून ओतलेलं ऑइलही चुकीचं दिसतं. इंजिनाची पट्टी इंजिन बंद करून पाहतात. वरच्या शेव्हरोलेसारख्या बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये इंजिन चालू ठेवून, ऑइल पूर्ण गरम झाल्यावर, लीव्हर सगळ्या गिअरमधून हळू फिरवून परत ‘पी’वर आणून मग पाहतात. होंडाच्या बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये मात्र गरम झाल्यावर इंजिन बंद करून मिनिटा-दीड मिनिटात पाहायचं असतं. एका गाडीची रीत दुसरीला लावली की एकतर कमी वाटून जास्त भरलं जातं, नाहीतर उलटं होतं.

गरम असण्याचा आग्रह कशासाठी, तेही आकड्यांत पाहता येतं. ऑइल तापलं की फुगतं, अंशामागे दहा हजारातले साधारण सात भाग. तीस अंशांवरून नव्वद अंशांवर गेल्यावर सव्वाचार टक्के वाढ होते. 10.6 लिटरच्या गिअरबॉक्समध्ये ही वाढ जवळपास 450 मिलिलिटर होते. थंड असताना पट्टीच्या गरम खुणेपर्यंत भरलं, तर घाटात चढताना अर्ध्या लिटरच्या आसपास जास्त झालेलं असतं. म्हणून अलीकडच्या अनेक गाड्यांत पट्टीच काढून टाकली आहे. पॅनला एक ओव्हरफ्लो नट असतो. स्कॅनर लावून ऑइलचं तापमान ठरावीक टप्प्यात, टोयोटाच्या अनेक गिअरबॉक्समध्ये 35 ते 45 अंशांत, आलं की इंजिन चालू ठेवून तो नट काढतात. बारीक धार येऊन थेंबांवर आली की पातळी जुळली. अशा गाडीत लिटरचा आकडा फक्त किती ऑइल विकत आणायचं एवढ्यापुरता उरतो.

पॅन उघडल्यावर एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी असते. पॅनच्या तळाशी छोटे लोहचुंबक असतात. त्यांच्यावर राखाडी मलमासारखा थर जमलेला असेल, तर ती वर्षानुवर्षांची नेहमीची झीज आहे. बोटांत चोळल्यावर कणी लागली, चमचमीत पापुद्रे दिसले किंवा ऑइलला जळका वास आला, तर मात्र किती लिटर टाकायचं हा प्रश्नच उरत नाही. आत काही तुटलेलं किंवा जळलेलं असतं, आणि ताजं ऑइल त्याला बरं करत नाही.

कूलंटच्या बाबतीत मात्र सगळं उलटं होतं. इथे रिफिलपेक्षा एकूण क्षमतेचाच आकडा कामाला येतो, आणि नेमकं इथेच तो कोणी पाहत नाही.

समजा, एका गाडीच्या कूलिंग सिस्टीमची एकूण क्षमता सहा लिटर आहे. रेडिएटरचा खालचा नट उघडला की साडेतीन लिटर येतं. उरलेलं अडीच लिटर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि डॅशबोर्डमागच्या हीटरमध्ये राहतं, कारण थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो आणि ब्लॉकची वाट तो अडवतो. आता मेस्त्रींनी सिस्टीम साध्या पाण्याने दोन-तीनदा धुतली. शेवटी साडेतीन लिटर पाणी काढलं, पण आत अडीच लिटर पाणी राहिलंच. वरून त्यांनी दुकानातलं तयार, निम्मं पाणी मिसळलेलं कूलंट साडेतीन लिटर ओतलं. कूलंटचा वाटा सहापैकी पावणेदोन लिटर, म्हणजे 29 टक्के. डब्यावर निम्मं-निम्मं लिहिलेलं होतं, गाडीत मात्र तिसरा हिस्साही भरला नाही. महाराष्ट्रात पाणी गोठण्याची भीती नसली, तरी उकळण्याचा बिंदू खाली येतो आणि गंज रोखणारी रसायनं पातळ होतात. वर्षा-दोन वर्षांनी वॉटर पंपाचा सील जातो, ॲल्युमिनियमच्या हेडवर पांढरट खार दिसतो, आणि तेव्हा कोणी त्या धुण्याला दोष देत नाही.

उपाय एकूण आकड्यात आहे. सहा लिटरला निम्मं-निम्मं हवं, म्हणजे तीन लिटर न मिसळलेलं कूलंट लागणार. धुऊन झाल्यावर आत अडीच लिटर पाणी आहेच. म्हणून आधी तीन लिटर शुद्ध कूलंट ओतायचं आणि उरलेल्या अर्ध्या लिटरला बॅटरीत घालतो ते डिमिनरलाइज्ड पाणी. इंजिन चालवून थर्मोस्टॅट उघडला की सगळं मिसळतं आणि प्रमाण जुळतं. तयार मिश्रणच मिळत असेल, तर काढणं-भरणं तीनदा करावं लागतं: 29 वरून 41, मग 46 टक्के. पन्नासला ते पोहोचत नाही, पण 46 चालण्यासारखं आहे. आणि मुळात कूलंट स्वच्छ असेल, गंज नसेल, तर पाण्याने धूच नये. तेच मिश्रण काढून तेच भरलं की आत उरलेलं अडीच लिटरही त्याच प्रमाणाचं असतं, आणि हिशेब करायची वेळ येत नाही.

भरताना हीटर पूर्ण गरम बाजूला ठेवायचा, म्हणजे हीटरमधली हवा निघते. थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरमधली पातळी एकदम खाली जाते. त्यावेळी घाबरून गरम झाकण उघडू नये, वाफेने हात भाजतो. गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची, दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करण्याआधी रिझर्व्ह टाकीतली पातळी दोन रेघांमध्ये आहे का पाहायची, आणि कमी असेल तर नळाचं पाणी न घालता तेच मिश्रण घालायचं. त्यासाठी डब्यात उरलेलं पाव-अर्धा लिटर टाकून न देता गाडीत ठेवावं.